शूटिंग मेथड कन्व्हर्ज होत नाहीये? सीकंटला शिव्या घालण्याआधी हे तपासा

प्रोजेक्ट सबमिशनचे दिवस आले की मला ठरलेला स्क्रीनशॉट येतो. वर पायथनचा कोड, खाली आकड्यांची लांबलचक रांग, शेवटी nan, आणि खाली मेसेज "दादा सीकंट चालत नाहीये, न्यूटन टाकू का?" नको टाकू. मी हे इतक्यांचं दुरुस्त केलंय की आता कोड उघडायच्या आधीच आकड्यांच्या रांगेवरून अंदाज येतो की बिघाड कुठे असणार, आणि बहुतेक वेळा तो सीकंटमध्ये नसतोच. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय.

आधी लक्षणं. तुमचं कुठलं ते बघा

पहिलं, उत्तर झटक्यात येतं, दिसतंही छान, पण पुस्तकातल्या आकड्याशी जुळत नाही. दुसरं, दोन-तीन इटरेशन शहाण्यासारखी जातात आणि मग स्लोप एकदम ४४ नाहीतर उणे ८ वगैरेवर उडी मारतो. तिसरं, उत्तराच्या अगदी जवळ येऊन तिथेच थरथरत बसतं, चौथ्या-पाचव्या आकड्याच्या पुढे सुधारतच नाही. चौथं, nan किंवा इन्फिनिटी. पाचवं, शंभर इटरेशन झाली तरी कधी इकडे कधी तिकडे, कशाचाच पत्ता नाही. आणि सहावं, जे सगळ्यात फसवं, कन्व्हर्ज होतं पण दर वेळी सुरुवातीचा गेस बदलला की उत्तरही बदलतं.

ज्यावर बोलतोय ते उदाहरण

हवेत बोलण्यापेक्षा एकच गणित धरू, ब्राटूचं. साखर कारखान्याच्या आवारात बगॅसचा ढीग असतो ना, तो आतून स्वतःच तापतो, आणि जितका तापतो तितकी आतली उष्णता अजून जोरात तयार होते. त्याचं सगळ्यात साधं मॉडेल म्हणजे दोन थंड भिंतींमधला एक सपाट थर:

```
y'' + λ e^y = 0,   y(0) = 0,   y(1) = 0
```

`y` म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा आत किती जास्त गरम, सगळं युनिट काढून टाकून. `λ` मध्ये थराची जाडी, उष्णता किती वेगाने तयार होते, किती वेगाने वाहून जाते, हे सगळं एकत्र आलंय. दोन्ही टोकांना तापमान माहिती आहे पण डाव्या टोकाला स्लोप किती ते माहिती नाही, आणि सॉल्व्हरला सुरुवात करायला तोच लागतो. मग आपण स्लोप `s` अंदाजाने धरायचा, उजव्या टोकापर्यंत जायचं, तिथे `y(1)` शून्यापासून किती हुकला ते बघायचं. त्या हुकण्याला `F(s)` म्हणू. झाडावरची कैरी पाडताना पहिला दगड अलीकडे पडतो, दुसरा पलीकडे जातो, तिसरा आपण दोघांच्या मधला, पण जो कमी हुकला त्याच्या जवळचा मारतो. सीकंट म्हणजे एवढंच, फक्त त्रैराशिक मांडून.

```python
import numpy as np
from scipy.integrate import solve_ivp
LAM = 1.0

def F(s):
    sol = solve_ivp(lambda x, y: [y[1], -LAM*np.exp(y[0])],
                    (0, 1), [0, s], rtol=1e-9, atol=1e-11)
    return sol.y[0, -1] if sol.status == 0 else np.nan

def secant(a, b, tol=1e-7):
    Fa, Fb = F(a), F(b)
    for k in range(25):
        print(k, b, Fb)
        if abs(Fb) < tol:
            return b
        c = b - Fb*(b - a)/(Fb - Fa)
        a, Fa, b, Fb = b, Fb, c, F(c)
    return None
```

`λ = 1` ठेवून ० आणि १ पासून सुरू केलं तर निरोगी रन असा दिसतो:

```
s          F(s)
0         -0.4632
1          0.3627
0.5608     0.0094
0.5491    -0.0002
0.54935    0.0000
```

बघा चूक कशी कमी होतेय. आधी रडतखडत, आणि मग एका फटक्यात दोन-तीन आकडे बरोबर. सीकंट निरोगी असेल तर शेवटाकडे असंच वागतं. दर वेळी चूक फक्त अर्धी-अर्धी होत असेल तर समजायचं की कुठेतरी गडबड आहे, बऱ्याचदा जुना बिंदू अपडेट करायचा राहिलेला असतो आणि `a` पहिल्यापासून तिथेच चिकटून बसलेला असतो.

तपासणी १: खरंच टोकाला पोचलात का?

फुकटची तपासणी, दोन मिनिटांची, म्हणून पहिली. `F` मधून तुम्ही जो आकडा परत देताय तो `x = 1` वरचाच आहे का? शेवटचा `x` प्रिंट करा, बास.

ज्यांनी रुंगे-कुट्टा स्वतः लिहिलाय त्यांच्या कोडमध्ये हमखास `while x < 1: x += h` असतं, `h = 0.1`. वाटतं दहा पावलं. पण कॉम्प्युटरमध्ये ०.१ नेमका बसत नाही, दहा वेळा मिळवला की ०.९९९९९९९९९९९९९९९९ होतो, तो एकपेक्षा कमीच, म्हणून लूप अकरावं पाऊल टाकतो आणि तुम्ही १.१ वर जाऊन उभे. सीकंटला काय पत्ता, ते बिचारं १.१ वर शून्य आणून देतं, अगदी टापटीप कन्व्हर्ज होऊन. आपल्या उदाहरणात ०.५४९४ च्या जागी ०.६१८५ च्या आसपास उत्तर येतं. पहिलं लक्षण असेल तर मी आधी इथेच बघतो. उपाय सोपा, पावलं मोजून चाला, `for i in range(N)` आणि `h = 1/N`.

तयार सॉल्व्हर वापरणाऱ्यांचं दुखणं वेगळं. `solve_ivp` मध्येच अडकलं तरी एरर फेकत नाही, गपचूप जिथवर पोचलं तिथवरचं देतं. `sol.y[0, -1]` मग ०.७ वरचा आकडा असतो आणि आपण तो टोकाचा समजून पुढे जातो. म्हणून वरच्या कोडमध्ये `sol.status` बघितलंय. आणि हो, `sol.y[0]` म्हणजे `y`, `sol.y[1]` म्हणजे स्लोप, यांची अदलाबदल मी स्वतः पण केलेली आहे, उगाच हसू नका.

तपासणी २: समीकरण काढून सरळ समीकरण टाका

कोडमधल्या एका ओळीत `-LAM*np.exp(y[0])` च्या जागी नुसतं `y[0]` लिहा, म्हणजे `y'' = y` झालं, आणि उजव्या टोकाला १ पाहिजे असं सांगा, म्हणजे `F` मधून १ वजा करा. समीकरण लिनियर असलं की `F(s)` ही सरळ रेषा असते, आणि सरळ रेषेवर सीकंटला पहिल्या दोन गेसनंतर एकाच फटक्यात उत्तर मिळालंच पाहिजे, गेस कुठलेही असोत. ० आणि १ द्या, १७ आणि उणे ४० द्या, तिसरा स्लोप ०.८५०९ आलाच पाहिजे. नेमकं उत्तर १ भागिले साइन-हायपरबोलिक १ आहे, कॅल्क्युलेटरवर बघून घ्या.

ही तपासणी महत्त्वाची कशासाठी, तर ती दोष दोन ढिगांत वाटून देते. इथे तिसऱ्या फटक्यात उत्तर आलं नाही तर तुमचं सीकंट, अपडेटचा क्रम, वजाबाकीचं चिन्ह किंवा इंटिग्रेटर यापैकी काहीतरी चुकलंय आणि पुढचं वाचण्यात अर्थ नाही, आधी ते दुरुस्त करा. आलं, तर कोड ठीक आहे आणि आता प्रश्न गणिताच्या स्वभावाचा आहे. मुलं हे करत नाहीत कारण "आपलं समीकरण नाही ते कशाला", आणि मग दोन दिवस चुकीच्या ढिगात शोधत बसतात.

तपासणी ३: F(s) चा ग्राफ. हे न करता मला मेसेज करू नका

मी सगळ्यात जास्त वेळ यावर घालवणार आहे कारण दुसरं, पाचवं, सहावं ही तिन्ही लक्षणं इथे एका चित्रात सुटतात. `s` ला ० ते १२ पर्यंत वीस-तीस किमती द्या, प्रत्येकीला `F` काढा, ग्राफ काढा. लॅपटॉपला एखादा सेकंद लागतो. `λ = 1` ला मला हे मिळतं:

```
s     F(s)
0    -0.46
2     1.09
4     2.07
5     2.24
6     2.18
8     1.55
10    0.51
12   -0.74
```

डोंगर आहे हा. वर चढतो, पाचाच्या थोडं पुढे माथा, आणि मग उतरून पुन्हा शून्याखाली. म्हणजे शून्य दोनदा ओलांडतो, एकदा ०.५४९४ ला आणि एकदा १०.८४६९ ला. दोन्ही खरी उत्तरं आहेत, दोन्ही समीकरण पाळतात, दोन्ही टोकं पाळतात. पहिल्यात थराच्या मध्यावर `y` ०.१४ असतो, दुसऱ्यात ४.०९. भौतिकदृष्ट्या पहिलं स्थिर आहे, ढीग त्या तापमानाला शांत बसू शकतो. दुसरं अस्थिर, म्हणजे तिथे किंचित जास्त गरम झालं की तापतच जाणार आणि किंचित कमी झालं की थंड होत पहिल्याकडे येणार. रिपोर्टमध्ये साधारणपणे पहिलं पाहिजे असतं.

आता मजा बघा. एका मुलीने ४ आणि ५ पासून सुरू केलं, तिच्या पार्टनरने ५ आणि ६ पासून, आणि दोघांचं भांडण की कोणाचा कोड चुकलाय. कोणाचाच नाही. ४ आणि ५ डोंगराच्या चढावर आहेत, तिथून रेषा मागे खाली जाते आणि शून्याला उणे ८.४५ च्या आसपास भेटते. तिथे `F` उणे ८.५, म्हणून पुढची उडी परत २.२ ला, आणि मग शांतपणे ०.५४९४. ५ आणि ६ माथ्याच्या दोन बाजूंना आहेत, `F` मधला फरक फक्त ०.०६, म्हणजे रेषा जवळजवळ आडवी, ती शून्याला भेटायला थेट ४४.४ पर्यंत जाते. तिथे `F` उणे २८ च्या जवळ. मग परत ८.८, आणि शेवटी १०.८४६९. दोघांनाही ती मधली उडी "एरर" वाटली होती, पण माथ्याजवळ उभं राहून सीकंट लावलं की हे होणारच, भागाकारातला खालचा आकडा लहान झाला की वरचं सगळं फुगतं.

आणि पाचवं लक्षण, कशाचाच पत्ता नसणं. `λ = 4` करून तेच ० आणि १ द्या. `F` असा येतो: -१.५५७, -०.९९३, -०.३७४, -०.२६३. वाटतं आता आलंच, चहा ठेवावा. पुढचा आकडा -०.७१३, स्लोप ३.८ वरून ६.४ वर गेलेला, आणि त्याच्या पुढच्याला परत २.३. मग हे असंच चालू राहतं, तुम्ही इटरेशन १०० करा नाहीतर १०,०००. ग्राफ काढला की दिसतं का ते. डोंगराचा माथाच उणे ०.२६ वर आहे, पूर्ण डोंगर पाण्याखाली. शून्य कुठे ओलांडतच नाही तर सीकंट आणणार कुठून? या गणिताला `λ = 3.5138` च्या पुढे उत्तर नाहीच. त्या आकड्यावर दोन्ही उत्तरं एकमेकांना भेटतात आणि नाहीशी होतात. आणि हा गणिताचा खोडसाळपणा नाही, अर्थ असा की इतक्या जाड थरात तयार होणारी उष्णता भिंतींतून बाहेर पडूच शकत नाही, स्थिर तापमान असं काही उरत नाही, ढीग पेटतो. फ्रँक-कामेनेत्स्कीच्या सिद्धांतातली पेट घेण्याची सीमा ती हीच.

इथे एक उपखड्डा. काही पुस्तकं जाडी मध्यापासून भिंतीपर्यंत मोजतात, पूर्ण नाही. जाडी वर्गात येते म्हणून त्यांची सीमा बरोबर चौपट लहान, ०.८७८. एका पुस्तकातला `λ` घेऊन दुसऱ्या पुस्तकाची टोकं लावली की कोड कितीही बरोबर असला तरी आकडे जुळणार नाहीत. मी एका संध्याकाळी याच्यावर तीन तास घालवलेत, आणि शेवटी कागदावर चित्र काढल्यावर कळलं.

तपासणी ४: पहिले दोन गेस डोक्याने द्या

ग्राफ बघितल्यावर हे आपोआप सुटतं, पण ग्राफ महाग असेल, एक इंटिग्रेशनलाच पाच मिनिटं लागत असतील, तर भौतिक विचाराने गेस काढा. आपल्या थरात जेवढी उष्णता तयार होते तेवढीच दोन भिंतींतून निम्मी-निम्मी बाहेर जाते. `y` लहान असेल तर `e^y` जवळपास १, म्हणजे एकूण तयार होणारी उष्णता `λ`, एका भिंतीच्या वाट्याला `λ/2`. तर स्लोप ०.५ च्या थोडा वर असणार. ०.५ आणि ०.६ द्या, लगेच जमतं. खरं उत्तर ०.५४९, अंदाज किती जवळचा होता बघा.

दोन गेसमध्ये फार कमी अंतरही ठेवू नका. ०.५ आणि ०.५००००००१ देणारे लोक आहेत, त्यांना वाटतं जवळ ठेवलं की अचूक. उलट होतं, `F` मधला फरक सॉल्व्हरच्या चुकीइतकाच उरतो आणि रेषेचा चढ म्हणजे नुसता कचरा. मी साधारण गेसच्या दहा टक्के अंतर ठेवतो.

आणि चिन्ह. हे वेगळ्या गणितात जास्त चावतं: `y'' = 1.5y²`, `y(0) = 4`, `y(1) = 1`, बऱ्याच ठिकाणी सरावाला असतं. त्याचं एक उत्तर `4/(1+x)²`, सुरुवातीचा स्लोप उणे ८. चुकून अधिक ८ दिलात तर उत्तर होतं `4/(1-x)²`, जे बरोबर उजव्या टोकावर अनंताला जातं. चौथं लक्षण, nan, बऱ्याचदा एवढ्यावरूनच असतं. गेसच्या चिन्हावर एक नजर टाका, ४ वरून १ वर यायचंय तर सुरुवात उताराकडेच हवी ना.

तपासणी ५: टॉलरन्सचा मेळ

तिसरं लक्षण, थरथर. `solve_ivp` ला काही सांगितलं नाही तर तो `rtol` 1e-3 आणि `atol` 1e-6 धरतो. `ode45` चंही तेच. म्हणजे `F` चा आकडा तिसऱ्या-चौथ्या दशांशापाशीच डळमळीत, आणि तुम्ही सीकंटला सांगताय 1e-8 पर्यंत जा. कसं जाणार? शिवाय पावलं तो स्वतः लहान-मोठी करतो, `s` किंचित बदलला की पावलांची रचना बदलते, म्हणून `F` मध्ये बारीक पायऱ्या पडतात. सीकंट त्या पायऱ्यांवर ठेचकाळत राहतं. कधीकधी दोन लागोपाठचे `F` हुबेहूब सारखे येतात, शून्याने भागाकार, nan, आणि गंमत म्हणजे उत्तर तेव्हा आधीच मिळालेलं असतं.

नियम मी असा ठेवलाय की इंटिग्रेटरचा टॉलरन्स सीकंटच्या टॉलरन्सपेक्षा निदान शंभर पट कडक. वरच्या कोडमध्ये 1e-9 आणि 1e-7 आहे ते त्यामुळे. स्वतःचा रुंगे-कुट्टा असेल तर पावलं दुप्पट करून स्लोप पुन्हा काढा, सहाव्या आकड्यात बदल झाला तर सहावा आकडा रिपोर्टमध्ये लिहू नका, एवढं सरळ.

याच गणितात अजून एक फुकटची पडताळणी आहे. उत्तर मध्याभोवती सममित आहे, म्हणून उजव्या टोकाचा स्लोप बरोबर उणे ०.५४९३५ यायला हवा. `sol.y[1, -1]` बघा. आपण तो कुठेच मागितलेला नव्हता, तरी जुळला तर इंटिग्रेशनवर विश्वास ठेवायला हरकत नाही.

तपासणी ६: सीकंटला दोरी बांधा

इथपर्यंत सगळं ठीक आणि तरी उड्या मारतंय, तर मग पद्धत बदलायची वेळ. ग्राफवर ज्या दोन किमतींमध्ये `F` चं चिन्ह बदलतं त्या धरा, आणि `scipy.optimize.brentq` ला द्या. तो आतून सीकंटसारख्याच उड्या मारतो पण उडी त्या दोघांच्या बाहेर गेली की ती टाकून मधोमध कापतो. `brentq(F, 0, 2)` केलं की पहिलंच उत्तर, `brentq(F, 8, 12)` केलं की दुसरंच, भांडण नाही. अट एकच, दोन्ही टोकांना चिन्ह वेगळं पाहिजे, आणि `F` ने मध्येच nan देता कामा नये.

सीकंटच वापरायचं असं सरांनी सांगितलं असेल तर निदान पावलाला मर्यादा घाला, म्हणजे नवा स्लोप जुन्यापासून ठरावीक अंतरापेक्षा लांब जाऊ द्यायचा नाही. ४४ वर जाणारी उडी ८ वरच थांबली असती.

तपासणी ७: गणितच शूटिंगच्या लायकीचं आहे का

हे शेवटी कारण यात तुमच्या हातात फारसं नसतं. `y'' = 900y` घ्या, ० ते १, डावीकडे १, उजवीकडे ०. दिसायला किती साधं, लिनियर आहे, दुसऱ्या तपासणीप्रमाणे एका फटक्यात सुटायला हवं. पण स्लोपमधली चूक टोकापर्यंत जाताना सुमारे १.८ गुणिले १० चा ११ वा घात इतक्या पटीने फुगते. स्लोप उणे ३० च्या जवळ आहे, आणि त्या आकड्याच्या अगदी शेवटच्या बिटाची किंमत साधारण 3.6e-15. गुणाकार करा, ०.०००६. म्हणजे कॉम्प्युटरला शक्य असलेला सगळ्यात बारीक बदल स्लोपमध्ये केला तरी उजवं टोक ०.०००६ ने हलतं, त्याहून जवळ तुम्ही जाऊच शकत नाही. सीकंट लाख चांगलं असू दे.

ओळखायचं कसं? स्लोप दहा आकड्यांपर्यंत स्थिर झालेला आणि `F` मात्र शून्याच्या जवळ यायला तयार नाही, हे दिसलं की समजा. आधी उलट बाजूने, उजवीकडून डावीकडे शूट करून बघा, काही समीकरणांत वाढ एकाच दिशेने असते, जसं `y'' = 50y'`, तिथे दिशा फिरवली की सगळं शांत होतं. `y'' = 900y` मध्ये मात्र दोन्हीकडून तेवढंच फुगतं, तिथे दिशा फिरवून काही होत नाही.

कधी थांबायचं

वाढ दोन्ही बाजूंनी असेल तर शूटिंग सोडा. पूर्ण अंतर एका दमात न कापता तुकडे पाडून शूट करायची पद्धत आहे, मल्टिपल शूटिंग, पण ती पहिल्यांदाच हाताने लिहायला बसू नका. `solve_bvp` नाहीतर `bvp4c` वापरा, ते सगळ्या बिंदूंवर एकदम समीकरण बसवतात त्यामुळे टोकापर्यंत चूक फुगत जात नाही. त्यांना सुरुवातीला पूर्ण वक्राचा अंदाज द्यावा लागतो, आणि आपल्या ढिगाच्या गणितात तुम्ही थंड वक्र दिलात तर थंड उत्तर, गरम दिलात तर गरम, म्हणजे तिसरी तपासणी तिथेही सुटत नाही. त्यांनीही नाही म्हटलं आणि डोंगर शून्याच्या वर आहे हे तुम्ही स्वतः बघितलेलं असेल, तर न्यूमरिकल अॅनालिसिस शिकवणाऱ्या माणसाकडे जा, जाताना ग्राफ आणि पहिल्या दहा इटरेशनची यादी घेऊन जा, नुसता कोड नको.

आणि एक वेगळं थांबणं. एकाने मला विचारलं होतं की त्यांच्याकडचा खरा ढीग किती उंच चालेल, `λ` काढून सांग ना. नाही सांगितलं. हे मॉडेल सपाट, कोरड्या, एकजिनसी थराचं आहे, खऱ्या बगॅसमध्ये ओल असते, ओलीत जंतू वाढतात आणि सुरुवातीची उष्णता तेच तयार करतात, वारा आत शिरतो, ढिगाला कोपरे असतात. आपला ३.५१ तिथे लावायचा नाही. ढिगातून वाफ किंवा जळकट वास यायला लागला असेल तर लॅपटॉप बंद करा आणि कारखान्याच्या सेफ्टी ऑफिसरला फोन लावा. तोवर स्वतः ढीग उकरायला जाऊ नका, उकरला की आतल्या गरम भागाला ताजी हवा मिळते.